आयताकृती शेताचं क्षेत्र काढताना: गुंठे, एकर आणि सातबाऱ्यातले आर

चौकोनी शेताचं क्षेत्र काढताना मी आधी टेप कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका धरतो. चारही बाजू मोजून झाल्या तरी शेत खरंच काटकोनी आहे की थोडं कललेलं, ते कर्णांवरूनच कळतं. हे शेत २६४ फूट लांब आणि १९८ फूट रुंद होतं. दोन्ही कर्ण ३३० फूट भरले, म्हणजे लांबी गुणिले रुंदी करायला हरकत नव्हती. बाजू तेवढ्याच राहून एक कर्ण ३४५ आणि दुसरा साधारण ३१४ फूट आला असता, तर क्षेत्र जवळजवळ २४६ चौरस फुटांनी कमी भरलं असतं. तसं झालं तर एका कर्णावर शेताचे दोन त्रिकोण पाडून मोजावं.

पुढचा हिशोब मी चौरस फुटांत करत नाही. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणून दोन्ही बाजूंना आधीच ३३ ने भागतो. २६४ चे झाले ८, १९८ चे ६. आठ सक अठ्ठेचाळीस गुंठे. मोठे आकडे येत नाहीत, त्यामुळे चूक लगेच दिसते. ताळा म्हणून २६४ × १९८ = ५२,२७२ चौरस फूट, भागिले १,०८९, पुन्हा ४८. बाजू फूट-इंचांत असेल तर इंच आधी १२ ने भागून घ्यावेत. २१२ फूट ६ इंच म्हणजे २१२.५, २१२.६ लिहिलं की हिशोब तिथेच बिघडतो.

चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून हे शेत १ एकर ८ गुंठे. कॅल्क्युलेटरवर मात्र ४८ भागिले ४० केलं की १.२ दिसतं, आणि सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. कुणी ते १ एकर २ गुंठे वाचतं, कुणी १ एकर २० गुंठे. दशांशानंतरचा भाग ४० ने गुणायचा असतो: ०.२ × ४० = ८.

सातबाऱ्यावर हेक्टर, आर, चौरस मीटर असतं. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, आर बरोबर १०० चा. ४८ गुंठ्यांचे ४,८५६ चौरस मीटर होतात, म्हणून उताऱ्यावर हे शेत ०.४८.५६ असं दिसेल: शून्य हेक्टर, ४८ आर, ५६ चौरस मीटर. आर आणि गुंठा इतके जवळ आहेत की लोक हेच सरळ साडेअठ्ठेचाळीस गुंठे म्हणून वाचतात. या एवढ्या शेतात त्या वाचनाने साडेपाचशे चौरस फुटांच्या आसपास जमीन कागदावरच वाढते. पूर्ण हेक्टरला तर १०० आर असतात, पण गुंठे ९८.८४ च. म्हणून उतारा वाचताना मी आधी सगळं चौरस मीटरमध्ये आणतो, मग १०१.१७ ने भागतो. आणि जुळवायचं ते एकूण क्षेत्राशी. पोटखराबा वजा केलेल्या लागवडीयोग्य क्षेत्राशी टेपचं माप जुळवू नये, कारण टेप पोटखराब्यावरूनही गेलेला असतो.