पहिल्या रांगेचीच बटणं का चुकत होती

इंटरकॉमच्या कार्डावर बटणांचे सूर ओळखायचे होते. प्रत्येक बटण दाबलं की दोन सूर एकत्र येतात. रांगेचा एक असतो (697, 770, 852 किंवा 941 हर्ट्झ) आणि स्तंभाचा एक (1209, 1336, 1477 किंवा 1633). प्रोसेसर साधा, 16 बिटांचा, रॅम जेमतेम 2 केबी. त्यामुळे एफएफटी नको, गोएर्ट्झेल वापरायचं ठरलं. 1958 मध्ये जेराल्ड गोएर्ट्झेलने मांडलेली ही पद्धत एका वारंवारतेसाठी एवढीच आहे:

```
s0 = x + c*s1 - s2;   // c = 2*cos(2*pi*f/fs)
s2 = s1;  s1 = s0;
// शेवटी: P = s1*s1 + s2*s2 - c*s1*s2
```

बैठकीत कुणीतरी ठोकून दिलं, "एफएफटीपेक्षा दहापट स्वस्त." हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं आणि हिशोब मात्र कुणी करत नाही. सेकंदाला 8000 नमुने आणि 205 नमुन्यांचा गट घेतला, तर आठ सुरांना 8 × 205 म्हणजे 1640 गुणाकार लागतात. शेवटची ऊर्जा काढायला आणखी तीसेक. 256 बिंदूंच्या सरळसोट एफएफटीत 1024 संमिश्र गुणाकार, म्हणजे 4096 साधे. पण आपला सिग्नल वास्तव असतो, त्यामुळे 128 बिंदूंची संमिश्र एफएफटी करून उत्तर उलगडता येतं आणि काम निम्म्याच्या आसपास येतं. म्हणजे आठ सुरांना दोघांची जवळजवळ बरोबरीच. एक-दोन सूर हवे असतील तिथे गोएर्ट्झेल खरंच स्वस्त पडतं. सोळा हवे असतील तर एफएफटीच घ्यावी.

आम्ही गोएर्ट्झेल घेतलं त्याची कारणं वेगळी होती. नमुना आला की लगेच आठ गुणाकार उरकतात, गट साठवून ठेवावा लागत नाही. एफएफटीला 128 बिंदूंची युक्ती वापरूनही 128 संमिश्र जागा म्हणजे अर्धा केबी लागला असता, पाव रॅम. शिवाय c थेट 697 साठी काढता येतो. 256 च्या एफएफटीत खाने 31.25 हर्ट्झच्या अंतरावर पडतात आणि 770 नेमका 24 आणि 25 व्या खान्यांच्या मध्ये सापडतो.

तक्रार आली ती वेगळीच. जवळच्या, जोरात आवाज येणाऱ्या एक्स्टेंशनवर 1, 2, 3 ही बटणं कधी लागत, कधी नाही. 4 पासून पुढची सगळी ठणठणीत. आवाज 3 डेसिबल कमी केला की 1 सुद्धा लागायचं. लाइनवाल्यांनी तारेकडे बोट दाखवलं. पण तार खराब असती, तर आवाज कमी केल्यावर ओळख सुधारली नसती.

लॉगमध्ये नकाराचं कारण एकच होतं: रांगेचा सूर स्तंभापेक्षा प्रमाणाबाहेर मोठा. इथे आकडे मांडल्याशिवाय उलगडा होत नाही. ही पुनरावृत्ती म्हणजे न विझणारा झोका आहे: योग्य वारंवारतेचा सूर येत राहिला की s प्रत्येक नमुन्यासरशी वाढतच जातो. गटाच्या शेवटी तो सुराच्या उंचीच्या सुमारे N/(2·sin ω) पट होतो. 697 साठी ω 31.4 अंश, साइन 0.52, म्हणजे 197 पट. 770 साठी 180 पट, 941 साठी 152. आमच्याकडे इनपुट सहा बिट उजवीकडे सरकवल्यावर जोरातल्या सुराची उंची 172 भरत होती. 172 × 197 म्हणजे 33,884. 16 बिटांची मर्यादा 32,767. 770 ला हाच आकडा 30,960 वर थांबतो. म्हणून फक्त पहिली रांग!

मर्यादा ओलांडली जाते ती शेवटच्या सहा-सात नमुन्यांत. त्या वेळी झोका शिखरावर असेल तर s1 चं चिन्ह पलटतं, नसेल तर काहीच होत नाही. म्हणून "कधी लागतं, कधी नाही". चिन्ह पलटलं की ऊर्जेच्या सूत्रातलं वजा अधिक होतं आणि P दहा-बारा पटींनी फुगतो. रांग स्तंभापेक्षा 4 डेसिबलहून मोठी दिसली की आमचा कोड बटण नाकारतो, आणि इथे फरक दहाच्या वर जातो.

c ची मांडणी मात्र बरोबर होती. 1.7077 हा आकडा एकपेक्षा मोठा, त्यामुळे तो Q15 मध्ये बसत नाही. Q14 मध्ये 27980 लिहावा लागतो. तिथे सगळे काळजी घेतात आणि s ची वाढ विसरतात. एफएफटीत प्रत्येक टप्प्यावर एक बिट सरकवायची सवयच असते. इथे टप्पेच नाहीत, म्हणून आठवण करून देणारंही काही नाही.

सात बिट सरकवून भागलं असतं, पण लांबच्या लाइनवरचा क्षीण सूर आणखी 6 डेसिबलने बुडाला असता. त्याऐवजी s1 आणि s2 32 बिटांचे केले. रॅम 32 बाइटची 64 झाली, गुणाकार मात्र दुप्पट महाग पडले. चाचणीच्या फाइलींमध्ये सगळे सूर मध्यम आवाजाचे होते, म्हणून हे आधी पकडलंच गेलं नाही. आता 697 चा सूर सर्वांत मोठ्या आवाजात, सुरुवातीची कला दर 10 अंशांनी बदलत चालवतो.