पोटातले आम्ल आणि रक्तातले बी-बारा

"डॉक्टर, मी पाच वर्षं रोज सकाळी अ‍ॅसिडिटीची गोळी घेतोय, पोट अगदी शांत आहे. मग अ‍ॅसिड कमी राहिलं तर बिघडतं काय?"

जे बिघडते ते बहुतेक वेळा पोटात जाणवतच नाही. ते रक्तात आणि नसांमध्ये दिसते, आणि तेही इतक्या सावकाश की तोवर गोळीचा आणि त्रासाचा काही संबंध असेल हे कुणाच्या मनातही येत नाही.

आधी एक गैरसमज दूर करतो. आम्ल कमी झाले की अन्न पोटात पडून राहते आणि कुजते, असे बरेच जण सांगतात. तसे होत नाही. प्रथिनांचे बहुतांश पचन स्वादुपिंडातून येणाऱ्या रसांनी लहान आतड्यात होते, म्हणूनच शस्त्रक्रियेत जठर काढून टाकावे लागलेली माणसेही वरणभात आणि मासे पचवू शकतात. जठरातले आम्ल या कामाची नुसती सुरुवात करून देते. उपाशीपोटी तिथला पीएच साधारण एक ते दोन असतो. एवढ्या आंबट रसात पेप्सिनोजेन नावाच्या निष्क्रिय द्रव्याचे पेप्सिन होते आणि ते प्रथिनांच्या लांब साखळ्या तोडू लागते. पीएच चार-पाचच्या वर गेला की पेप्सिन जवळजवळ निकामी होते. प्रथिनांच्या बाबतीत आतडे ही उणीव भरून काढते. जीवनसत्त्व बी-बारा मात्र यात अडकते.

दूध, दही, अंडी किंवा मासे यांतले बी-बारा मोकळे नसते, ते प्रथिनांना घट्ट चिकटलेले असते. आम्ल आणि पेप्सिन मिळून ते सोडवतात. सुटल्यावर लाळेतून आलेले एक प्रथिन त्याला धरते, पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला स्वादुपिंडाचे रस तेही कापून टाकतात, आणि मग त्याला 'इंट्रिन्सिक फॅक्टर' नावाचे दुसरे प्रथिन उचलते. आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला या जोडीला ओळखणारी यंत्रणा आहे, बी-बारा रक्तात जाते ते तिथून. यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की आम्ल ज्या पेशी बनवतात त्याच पेशी इंट्रिन्सिक फॅक्टरही बनवतात. म्हणून आम्ल कमी झाले म्हणजे त्या पेशी नुसत्या गोळीने शांत केल्या आहेत, की त्या नष्टच झाल्या आहेत, हा फरक फार मोठा ठरतो.

हे इंट्रिन्सिक फॅक्टर सापडले ते बॉस्टनमध्ये, विल्यम कॅसल या तरुण डॉक्टरमुळे. त्या काळात 'पर्निशियस अ‍ॅनिमिया' हा जीवघेणा आजार होता आणि त्या रुग्णांच्या जठरात आम्ल सापडतच नसे. कॅसलने काही रुग्णांना रोज दोनशे ग्रॅम मांसाचा खिमा दिला, पण रक्तात काही फरक पडला नाही. मग त्याने एका निरोगी माणसाला तीनशे ग्रॅम खिमा खायला घातला, तासाभराने त्याच्या पोटातून तो परत काढला, उबेत ठेवून पातळ होऊ दिला आणि नळीने रुग्णाच्या पोटात सोडला. आठवड्याभरात रुग्णाच्या रक्तात नव्या तांबड्या पेशी दिसू लागल्या. हे काम 1929 साली प्रसिद्ध झाले. वाचताना किळस येते खरी, पण अन्नात असलेले आणि शरीराला मिळालेले यांत किती अंतर असू शकते हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा प्रयोग मला ठाऊक नाही.

आता माझ्याकडच्या एका बाईंची हकीकत सांगतो, ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलून. पन्नाशी ओलांडलेल्या, तालुक्याच्या गावी शिक्षिका, पूर्ण शाकाहारी. हिमोग्लोबिन नऊच्या खाली आले होते. लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आठ महिने नियमाने घेऊनही ते साडेनऊच्या आसपास अडकले होते. पाळी थांबलेली, कुठून रक्त जात असल्याची खूण नाही. चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखे व्हायचे, त्याला 'अ‍ॅसिडिटी' समजून त्या औषधाच्या दुकानातून पॅन्टोप्राझोल आणून अधूनमधून घेत. जळजळ मात्र कधीच नव्हती.

मला थांबवले ते त्यांनी सहज सांगितलेल्या एका वाक्याने. "तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, बेसिनला धरावं लागतं." आपले पाय कुठे आहेत याची खबर मज्जारज्जूच्या मागच्या भागातून मेंदूला जाते. ती खबर तुटू लागली की माणूस डोळ्यांच्या भरवशावर उभा राहतो, आणि डोळे मिटले की डगमगतो. कंपन करणारा ट्यूनिंग फोर्क पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ठेवला तर त्यांना तो समजत नव्हता, घोट्यावर थोडा समजत होता.

रक्ताच्या अहवालात एक फसवा आकडा होता. तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान अगदी नेमस्त, 88. लोह कमी असले की पेशी लहान होतात, बी-बारा कमी असले की मोठ्या होतात. दोन्ही एकदम कमी असले की सरासरी मध्ये येऊन बसते आणि पाहणारा निश्चिंत होतो. पेशींच्या आकारातली तफावत दाखवणारा आरडीडब्ल्यू हा आकडा मात्र 22 होता, आणि काचपट्टीवर बारीक व मोठ्या पेशी शेजारीशेजारी दिसत होत्या. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन सात, बी-बारा 110. त्यात फॉलिक अ‍ॅसिडची आणखी एक खोडी असते. ते बी-बाराच्या उणिवेमुळे बिघडलेले रक्त थोडेफार सावरते, पण नसांची हानी चालूच राहते, त्यामुळे दुखणे झाकले जाते.

लोह का कमी, याचे उत्तरही आम्लातच होते. भाजी-धान्य-डाळींतले लोह आंबट रसात विरघळते आणि मगच आतड्याला घेता येते. रस आंबट नसेल तर ते न विरघळता पुढे निघून जाते. जेवताना लिंबू पिळण्याची आपली सवय लोहाला मदत करते ती याच कारणाने, पण जठरच आम्ल बनवत नसेल तर लिंबू ती कसर भरून काढू शकत नाही. दुर्बिणीच्या तपासणीत जठराच्या वरच्या भागातल्या वळ्या सपाट झालेल्या आणि अस्तर इतके पातळ की खालच्या रक्तवाहिन्या दिसत होत्या. खालचा भाग मात्र ठीक होता. गोळी दोन आठवडे बंद ठेवून केलेले गॅस्ट्रिन आठशेच्या वर निघाले. आम्ल कमी पडले की शरीर ते मागण्यासाठी गॅस्ट्रिन वाढवत राहते. पॅन्टोप्राझोल चालू असतानाही ते वाढते, म्हणून ती बंद ठेवणे गरजेचे होते. आम्ल बनवणाऱ्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे सापडली आणि निदान पक्के झाले. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच त्या पेशी मारत होती. त्याला ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिस म्हणतात. बी-बाराची इंजेक्शने आणि शिरेतून लोह दिल्यावर रक्त दोन महिन्यांत सावरले. पायांतल्या मुंग्या कमी झाल्या, तोल पूर्वीसारखा पूर्ण आला नाही. अस्तर असे झिजल्यावर कर्करोगाचा धोका थोडा वाढतो, म्हणून दर तीन वर्षांनी दुर्बीण ठरवली आहे.

आम्ल कायमचे कमी राहण्याचे दुसरे मोठे कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूने वर्षानुवर्षे केलेली अस्तराची झीज, आणि तिसरे म्हणजे तुमची ती गोळी. ती पेशी मारत नाही, त्यांचा आम्ल बाहेर टाकणारा पंप तेवढा बंद करते, आणि दिवसातून एकदा घेतली तर तोही पूर्ण चोवीस तास नाही. म्हणून तिचा परिणाम सौम्य असतो. पण कॅलिफोर्नियातल्या रुग्णांच्या एका मोठ्या पाहणीत, 2013 साली, दोन वर्षे किंवा अधिक काळ अशा गोळ्या घेणाऱ्यांत बी-बाराची उणीव इतरांपेक्षा जास्त दिसली होती. यकृतात बी-बाराचा साठा काही वर्षे पुरेल एवढा असतो हे खरे, पण ज्याच्या ताटात ते मुळातच थोडे आहे अशा शाकाहारी माणसाचा साठा भरलेला असतोच असे नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर आणखी सांभाळावे, कारण तेही बी-बारा कमी करते.

जंतूंची गोष्ट थोडक्यात. आम्ल हा आत जाणाऱ्या जंतूंवरचा पहिला पहारा आहे. अमेरिकेत स्वयंसेवकांवर झालेल्या कॉलऱ्याच्या प्रयोगांत नुसत्या पाण्यातून दिल्यास आजार व्हायला दहा कोटींहून अधिक जंतू लागत, पण आधी दोन ग्रॅम खाण्याचा सोडा पाजला की दहा लाखही पुरेसे होत. गोळी रोज घेणाऱ्याने पावसाळ्यात बाहेरच्या पाण्याबाबत आणि उघड्यावरच्या चटणीबाबत जास्त काटेकोर राहावे, ते यासाठी.

काही लोक सोडा पिऊन ढेकर येतो का पाहतात आणि त्यावरून आम्ल ठरवतात. त्या चाचणीला अर्थ नाही. व्हिनेगर पिण्यालाही नाही. ते सौम्य आम्ल आहे, आणि दातांच्या वरच्या थराला इजा करते ती वेगळीच.

तुमची गोळी उद्याच बंद करू नका. अन्ननलिकेला खोल जखमा असलेल्यांना, पूर्वी अल्सरमधून रक्तस्राव झालेल्यांना किंवा वेदनाशामक औषधे रोज लागणाऱ्यांना ती हवीच असते. ज्यांना नको आहे त्यांनीही एकदम थांबवली की वाढलेल्या गॅस्ट्रिनमुळे काही आठवडे आम्ल उसळून येते आणि "बघा, गोळीवाचून चालत नाही" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून मात्रा अर्धी करून, मग दिवसाआड, अशी ती उतरवावी. तोवर हिमोग्राम, बी-बारा आणि फेरिटिन एकदा करून घ्या. बी-बारा कमी आले तर गोळी की इंजेक्शन, हे कारणावर ठरते. औषधाच्या गोळीतले बी-बारा प्रथिनाला चिकटलेले नसते, त्याला सोडवायला आम्ल लागत नाही, म्हणून पॅन्टोप्राझोल घेणाऱ्याला साधी गोळी पुरते. त्या शिक्षिकाबाईंसारखे इंट्रिन्सिक फॅक्टरच संपले असेल तर तोंडाने घेतलेल्या बी-बारापैकी साधारण शंभरातला एक भाग आत जातो. अशांना इंजेक्शन किंवा रोज हजार मायक्रोग्रॅमची गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि नसांची लक्षणे सुरू झालेली असतील तर सुरुवात मी इंजेक्शननेच करतो.