जाड केबलचा गुंता सुटला!

मागच्या नोंदीत मी चार्जिंग चिपवर संशय घेऊन थांबलो होतो. चिप निर्दोष आहे! बारीक यूएसबी सी-टू-सी केबलने हँडहेल्ड चार्ज होतो आणि त्याच चार्जरला १०० वॉटची जाड केबल लावली की ढिम्म, या कोड्याचं उत्तर सी पोर्टच्या दोन सीसी पिनांमध्ये सापडलं.

सी चार्जर समोर कुणी आहे याची खात्री पटल्याशिवाय ५ व्होल्ट सोडतच नाही. ही खात्री त्याला उपकरणातल्या ५.१ किलोओमच्या रेझिस्टरवरून पटते. नियमाप्रमाणे ए५ आणि बी५ या दोन्ही सीसी पिनांना आपापला स्वतंत्र रेझिस्टर हवा. आपल्या बोर्डावर दोन्ही पिना जोडून एकच रेझिस्टर लावलाय. साधी केबल असेल तर हे खपून जातं. पण जाड केबलमध्ये केबलची क्षमता चार्जरला सांगणारी ई-मार्कर चिप असते आणि तिचा स्वतःचा सुमारे १ किलोओमचा रोध दुसऱ्या पिनवर येतो. पिना जोडलेल्या असल्याने दोन्ही रोध समांतर होतात, चार्जरला ऑडिओ अ‍ॅडॉप्टर लावल्यासारखं दिसतं आणि तो वीज देत नाही. २०१९च्या रास्पबेरी पाय ४ च्या पहिल्या बोर्डांतही नेमकी हीच चूक होती.

मल्टिमीटर इथे चकवतो. प्रत्येक पिनपासून ग्राउंडपर्यंत मोजलं तर दोन्हीकडे ५.१ किलोओम येतात, सगळं बरोबर वाटतं. ए५ ते बी५ मोजा. तिथे १०.२ किलोओम यायला हवेत. माझ्याकडे शून्य आलं आणि मी खुर्चीतून उठलोच! बॅटरीचा कनेक्टर काढून दोन पिनांमधला ट्रॅक ब्लेडने कापला, बी५ ते ग्राउंड ५.१ किलोओमचा ०६०३ रेझिस्टर टाकला. इथे चांगला फ्लक्स हवाच, स्वस्तातला चिकट फ्लक्स या पिनांजवळ नेऊ नका. आता जाड केबल, पॉवर बँक, प्लग उलटा-सुलटा, सगळं चालतं.

वेग मात्र तोच आहे. आपली चार्जिंग चिप ५ व्होल्टवर सुमारे १ अँपियरच घेते, त्यामुळे ६५ वॉटचा चार्जर घेऊन काही फरक पडणार नाही.

नवा पोर्ट मागवायचा बेत होता, तो रद्द. ज्यांना सोल्डरिंग नको, त्यांच्यासाठी लिहितानाच एक सुचलं: चार्जरला सी-टू-ए ओटीजी अ‍ॅडॉप्टर लावा आणि त्यात साधी ए-टू-सी केबल. अ‍ॅडॉप्टरच्या प्लगमध्ये हवा तो रेझिस्टर असतोच, म्हणून चार्जर ५ व्होल्ट सुरू करतो.

एक गोष्ट अजून सुटायचीय. बॅटरी भरत आली की करंट इतका घटतो की पॉवर बँक काही लावलेलंच नाही असं समजून बंद होते. पुढच्या वेळी तिचा लो-करंट मोड सुरू ठेवून शेवटच्या टप्प्याचा करंट यूएसबी टेस्टरवर मोजणार आहे.