√2 चा मनोरा: उत्तर २ की ४? (वहीतली प्रगती)

या आठवड्यात वहीत एकच क्रमिका आहे:

x₁ = √2, xₙ₊₁ = (√2)^xₙ

म्हणजे √2 च्या घातांकावर √2, त्यावर पुन्हा √2. सीमा L आहे असं धरून थेट समीकरण मांडलं, तर L = (√2)^L, म्हणजेच L² = 2^L मिळतं. त्याला २ चालतो आणि ४ सुद्धा. ln L / L चा आलेख e पर्यंत चढतो आणि पुढे उतरत जातो, त्यामुळे याहून वेगळं धन उत्तर नाही. पण दोघांतलं खरं कुठलं, हे समीकरण सांगत नाही. सीमा मुळात आहे का, हेही नाही.

म्हणून आधी अभिसरण. √2 हा २ पेक्षा लहान आहे, आणि xₙ < 2 असेल तर xₙ₊₁ < (√2)² = 2. विगमनाने सगळी पदं २ च्या खाली राहिली. घातांक १ वरून √2 झाला की किंमत वाढते, म्हणून x₂ > x₁. आणि घातांक वाढला की पुढचं पद वाढतं, म्हणून ही चढण कुठेच मोडत नाही. चढती आणि वरून बंदिस्त, तेव्हा सीमा आहेच. फलन संतत असल्याने ती सीमा समीकरणात बसते, आणि २ ची मर्यादा ४ ला बाद करते. L = 2. मला या पुराव्यात हेच फार आवडतं: अभिसरणासाठी शोधलेली मर्यादाच शेवटी दोन मुळांमधून निवड करते.

आकडे: १.४१४, १.६३३, १.७६१, १.८४१, १.८९३. वेग संथ आहे. २ पाशी फलनाचा अवकलज ln 2, सुमारे ०.६९३, म्हणजे पुढे पुढे दर पायरीला साधारण तीस टक्केच चूक कमी होते. ४ पाशी तोच अवकलज १.३८६ आहे, एकापेक्षा मोठा, म्हणून ४ जवळच्या पदांना दूर ढकलतो. ४.१ पासून सुरुवात केली, तर ४.१४१, ४.२००, ४.२८८ असं क्रमिका अनंताकडे निघते. समीकरण तेच, मुळं तीच, पण सीमाच नाही.

आता पाया बदलून पाहतोय. e^(1/e), म्हणजे सुमारे १.४४५ च्या वर स्थिर बिंदूच उरत नाही, त्यामुळे चढती क्रमिका बंदिस्त असूच शकत नाही. खालची बाजू जास्त रंजक आहे. पाया ०.०५ घेतला, तर स्थिर बिंदू ०.३५ च्या आसपास आहे, पण पदं येतात ०.०५, ०.८६१, ०.०७६, ०.७९७. विषम पदं चढत ०.१३७ कडे जातात, सम पदं उतरत ०.६६३ कडे. दोन्ही उपक्रमिका अभिसारी, मूळ क्रमिका नाही. ऑयलरने काढलेली पायाची खालची मर्यादा e^(−e), सुमारे ०.०६६, आहे, तिथे या दोन उपक्रमिका एकत्र कशा येतात, त्याचा पुरावा सध्या लिहितोय.