ऑपरेशन कार्डावर फुकट झालं, घरचा हिशोब चौतीस हजारांचा निघाला

बाबा अंगणात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. आम्ही खानापूर तालुक्यातले, बीपीएल कार्ड आहे, सरकारी दवाखान्यातून रेफरल लेटर घेतलं आणि बेळगावला आयुष्मानवर बॉल बदलायचं ऑपरेशन झालं. बिल शून्य. पाव्हणे म्हणायला लागले, सुटलात की तुम्ही! मी उद्यमबागेत मशीन शॉपला आहे, जॉब कार्ड लिहायची सवय, म्हणून एक वही केली आणि रोज रात्री त्यात कोण थांबलं, कोणाचा खाडा पडला आणि खिशातून काय गेलं एवढंच लिहायचं ठरवलं.

आधी जेवण. पॅकेजमध्ये पेशंटचं जेवण येतं, सोबतच्या माणसाचं नाही. आम्ही दोघं असायचो, चहा-नाश्ता, मेसचं ताट धरून दिवसाला ३६० जायचे. पण हे सगळे ३६० खर्चात धरायचे नाहीत, कारण घरी असतो तरी जेवलोच असतो. घरचे १२० वजा केले, २४० उरले. बारा दिवसांचे २,८८०. वॉर्डात एकाच माणसाला पास, दुसऱ्यानं झोपायचं कुठं? बाहेर गादी आणि सकाळची आंघोळ मिळून ८० रुपये रात्र, म्हणजे ९६० झाले.

प्रवासात आमच्या सीमाभागाची गंमत आहे. वैनी डबा घेऊन यायची तिला कर्नाटकच्या बायकांसाठीच्या फुकट बसच्या शक्ती योजनेमुळं तिकीट नाही, पण बहीण दिलीय चंदगडला, तिच्या आधारवर महाराष्ट्राचा पत्ता, तिला शक्ती चालत नाही. लालपरीनं आली तर हाफ तिकीट हद्दीपर्यंतच, पुढं फुल. म्हणून वैनीच जास्त यायची, हे पण पैशानंच ठरलं बघा. बस-रिक्षाचे सगळ्यांचे मिळून १,४०० गेले. खरा दणका गाडीचा. बॉल बदलल्यावर पाय नव्वद अंशाच्या वर वाकवायचा नाही असं डॉक्टरनी बजावलेलं, मग बसच्या सीटवर बसवणार कसं. डिस्चार्जला एकदा आणि टाके काढायला एकदा अशी दोनदा भाड्याची गाडी केली, ३,६००. वॉकर, डायपर, अंडरपॅड यांचे ३,१०० वेगळे.

पण हे झाले दिसणारे पैसे. मोठा आकडा खाड्यांचा निघाला. दादा सेंट्रिंगला जातो, हजेरी ८००. बारा दिवस गुणिले ८०० लिहून मोकळं व्हायचं नाही, त्यातले दोन रविवार तसेही बंद असतात आणि एक दिवस साईटच बंद होती. नऊ खाडे, ७,२००. माझी सीएल होती ती आधी वापरली, नंतरचे पाच दिवस बिनपगारी, ६५० प्रमाणे ३,२५०, आणि त्या महिन्याचा अटेंडन्स बोनस ८०० गेला तो वेगळाच. हा बोनस कोणी धरतच नाही, पगाराच्या स्लिपवर बघितला तेव्हा कळलं.

घरी दोन म्हशी. वैरण आणि धारा काढायला शेजारच्या पोराला रोज २०० दिले, २,४०० झाले. तरी परक्या हाताला म्हैस पान्हा सोडेना, डेअरीच्या पट्टीवर लिटर कमी झालेले सरळ दिसत होते, त्याचे १,३०० धरले.

इथपर्यंत २६,८९०. बहुतेक लोक इथंच वही बंद करतात, डिस्चार्ज झाला ना! पण बाबांना संडासला उठवायला दोन माणसं नसली तरी एक तर लागतंच, आई एकटीच्या हातून होत नाही. वैनी काजूच्या कारखान्यात ३५० वर जाते, ती वीस हजेऱ्या घरी बसली. ७,००० झाले. म्हणजे दवाखान्यात बसून दादाचं जेवढं बुडालं जवळपास तेवढंच घरी आल्यावर वैनीचं बुडालं, आणि ते कोणीच बोलून दाखवत नव्हतं, कारण बायका घरीच असतात की, त्यात काय!

एकूण ३३,८९०. आता वाटणी. गल्लीत सगळ्यांचं मत असं की खर्च धाकट्यानं केला, कारण फोनपे माझ्याच मोबाईलवरून व्हायचं. मेस, गादी, बस-रिक्षा, गाडी, वॉकर-डायपर, माझे खाडे आणि बोनस धरून माझे १५,९९० भरले. दादा-वैनीचे खाडे आणि म्हशींचं धरून त्यांचे १७,९००. आई म्हणाली भावाभावात कसला हिशोब, पण वैनी वही उघडून शांतपणे बघत बसली होती, तिचं नाव त्यात पहिल्यांदाच आलं होतं. निम्मे केले तर मी दादाला ९५५ देणं लागत होतो. हजार दिले. पुढच्या एक्स-रेला जायची गाडी तो करणार आहे, आणि तेव्हाचा खाडा माझा.