शून्याचा ९.१५ झाला त्याची गोष्ट (माझा अनुभव)

जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात आहे मी. पद म्हणाल तर एचआर, पण पगारपत्रक, ईएसआयसी, कॅन्टीनचं बिल आणि सेफ्टीचं रजिस्टर सगळं माझ्याच टेबलावर. ही गोष्ट २०२३-२४ च्या वर्षाची. एक्सपोर्टचा माल घेणाऱ्या मुंबईच्या पार्टीने एक शीट पाठवली, भरून द्या म्हणे, त्यात एक रकाना लॉस्ट टाइम इंज्युरी फ्रिक्वेन्सी रेट, म्हणजे ज्या जखमेमुळे माणसाचा कामाचा दिवस गेला अशा जखमांचा दर, वर्षभराचा. शेठ म्हणाले, गेल्या खेपेला शून्य लिहिलं होतं, यंदाही तेच लिहून दे ना, कोणाला काय झालंय आपल्याकडे.

मीही लिहूनच टाकणार होतो खरं सांगायचं तर. पण शीटमध्ये खाली होतं की सोबत इन्सिडेंट लॉगची कॉपी जोडा. म्हणून रजिस्टर काढलं. वर्षभरात दोन एंट्री, दोन्ही निअर मिस, म्हणजे लागता लागता थोडक्यात वाचलेल्या घटना, दोन्ही मार्चमधल्या, एकाच पेनाने एकाच अक्षरात लिहिलेल्या. ऑडिटच्या आदल्या दिवशी कोणीतरी बसून लिहिल्या असणार हे शेंबडं पोरगंही सांगेल.

आधी तासांचा हिशोब धरला, कारण मला वाटलं तो सोपा आहे. रेट म्हणजे काय तर जखमांची संख्या गुणिले दहा लाख, भागिले सगळ्यांनी मिळून काम केलेले तास. आधीच्या माणसाने फाइलीत १४२ माणसं गुणिले ८ तास गुणिले ३६५ दिवस असं करून ४,१४,६४० तास काढून ठेवले होते. आता ३६५ दिवस कोण कामाला येतो बाप्पा? सुट्टीचा वार, दिवाळी, रजा, केळीच्या कापणीला गावाकडे गेलेली माणसं, ते सगळे तास त्याने कामाचे धरले. भागाकारात खालचा आकडा फुगला की रेट आपोआप कमी दिसतो, मग ते मुद्दाम केलेलं असो की आळसाने.

मी पंचिंग मशीनचा डेटा काढला. त्यात शिफ्ट साडेआठ तासांची दिसते कारण जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी धरलेली असते, ती वजा केली आणि ओव्हरटाइम मिळवला, कारण ओव्हरटाइमलाही माणूस मशीनवरच असतो. कायम ५८ कामगारांचे १,३१,४८० तास निघाले. कंत्राटी ८४ जण पंचिंगमध्ये नाहीतच, त्यांच्यासाठी ठेकेदाराचं मस्टर मागवावं लागलं. ते मिळायला अकरा दिवस लागले आणि आलं ते वहीच्या पानांचे फोटो. त्यातून १,९६,५२० तास. एकूण ३,२८,००० तास.

म्हणजे वर्षातले सत्त्याऐंशी हजार तास नुसते कागदावरचे होते.

मग जखमा. इथे मला खरा घाम फुटला (मे महिना होता, जळगावचा मे, तोही भाग आहेच). मी काय केलं, फर्स्ट एड बॉक्सचं रजिस्टर आणि हजेरी शेजारी-शेजारी ठेवली. ज्या दिवशी कोणाला पट्टी बांधली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो माणूस आला होता का, एवढंच बघायचं. डोकं लागत नाही याला, फक्त एक दुपार लागते. आणि पहिल्या तासातच एक सापडला. ऑगस्टमध्ये स्क्रॅप दळायच्या ग्राइंडरवर बोट कापलेला ऑपरेटर, त्या दिवशी पाच टाके, आणि पुढचे चार कामाचे दिवस हजेरीत ‘रजा’. रजा! सुपरवायझरने त्याच्याच खात्यातल्या सुट्ट्या टाकल्या होत्या.

दुसरा तर कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हता. पॅकिंगच्या मावशी बोलता बोलता म्हणाल्या, तो यावलकडचा पोरगा पडला होता ना कूलिंग टँकजवळ, मनगट मोडलं त्याचं, परत आला का हो तो? ठेकेदाराला फोन केला तर म्हणे, भाऊ त्याला घरी पाठवून दिला होता, दुसऱ्या दिवशी तुम्हाला बदली माणूस दिला ना मी, तुमचं काम कुठे थांबलं? काम थांबलं नाही हे खरंच, पण पोरगा ४१ दिवस घरी होता. आपल्या गेटच्या आत, आपल्या कामावर पडला, त्याचे तास आपण खाली धरतोय, मग जखम वर धरायला नको का? कंत्राटी माणसाचे तास घ्यायचे आणि त्याचं मोडलेलं मनगट ठेकेदाराच्या वहीत ठेवायचं, हा प्रकार मी नंतर ओळखीच्या दोन-तीन कारखान्यांतही पाहिला.

तिसऱ्यावरून वाद झाला. प्लास्टिक वितळवून नळी काढणाऱ्या एक्स्ट्रूडरच्या डायवर, म्हणजे तोंडाच्या साच्यावर, नळी अडकली, ती काढताना हाताला गरम प्लास्टिक चिकटलं. डॉक्टरने चिठ्ठीवर लिहिलं एक दिवस विश्रांती. सुपरवायझरने दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून घेतलं आणि स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवलं, हजेरी लागली. शेठ म्हणाले, आला होता ना कामावर, मग लॉस्ट टाइम कसला? मी पार्टीच्या शीटमधली व्याख्या दाखवली, त्यात स्पष्ट होतं की डॉक्टरने विश्रांती सांगितली असेल तर माणूस येऊन बसला तरी दिवस गेलेलाच धरायचा. शेठ गप्प झाले. राग आला होता त्यांना, पण गप्प झाले.

चौथा एक होता तो मी सोडला. ड्युटी संपवून घरी जाताना अजिंठा चौफुलीजवळ मोटरसायकल घसरली, पाय प्लास्टरमध्ये. तेव्हाच्या ईएसआयसी कायद्यात २०१० च्या दुरुस्तीनंतर घर ते कामाच्या रस्त्यावरचा अपघातही कामावरचा धरता येत होता, म्हणून त्याचे कागद मी तिकडे दिले. पण पार्टीच्या व्याख्येत रस्त्यावरचं येत नव्हतं, रेटमध्ये धरलं नाही. दोन्ही हिशोब वेगळे आहेत, एकाचं उत्तर दुसऱ्यात टाकायचं नाही.

तर तीन जखमा. ३ गुणिले १०,००,००० भागिले ३,२८,०००, उत्तर ९.१५. शून्याच्या जागी ९.१५!

यातही एक फाटा आहे. आय एस ३७८६ म्हणून भारतीय मानक आहे, १९८३ चं, त्यात रेट दोन प्रकारे काढतात, एक सगळ्या लॉस्ट टाइम जखमांवर, दुसरा फक्त रिपोर्टेबलवर, म्हणजे ज्यात माणूस ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही. भाजलेला माणूस एकाच दिवसाचा, तो दुसऱ्यात बसत नाही, म्हणून तिथे २ जखमा आणि रेट ६.१०. दोन्ही आकडे खरे, फक्त कोणता लिहिला ते सांगायचं. गेलेले दिवस मोजतानाही मी आधी चुकलो. बोट कापलेल्याचे चार दिवस धरले होते, पण मधे सुट्टीचा वार होता, तोही मोजायचा असतो. फक्त अपघाताचा दिवस आणि परत आल्याचा दिवस सोडायचा. म्हणजे पाच. एकूण ५ अधिक ४१ अधिक १, असे ४७ दिवस.

शीट भरून पाठवली. दोन दिवसांनी पार्टीकडच्या मॅडमचा फोन, तुमचा ९.१५ कसा, बाकीचे व्हेंडर १.५, २ असे आहेत. माझे तर हातपाय गार. शेठ समोरच बसलेले, त्यांच्या चेहऱ्यावर ‘सांगितलं होतं ना’. मी विचारलं, मॅडम ते दहा लाख तासांवर आहेत का दोन लाखांवर? पलीकडे शांतता. मग कागद चाळल्याचा आवाज. अमेरिकन पद्धतीत दोन लाख तासांवर काढतात, शंभर माणसांचं एक वर्ष, म्हणून. आमच्या त्याच तीन जखमा दोन लाखांवर १.८३ होतात. शीटमध्ये कुठेच लिहिलं नव्हतं की कशावर काढायचा. तेव्हापासून मी आकड्याशेजारी ‘प्रति १० लाख तास’ हे हाताने लिहितो, फॉर्ममध्ये जागा नसली तरी.

शेठना अजून एक गोष्ट समजवायला त्रास झाला. ते म्हणाले पुढच्या वर्षी हा ५ वर आण. मी म्हटलं शेठ, आपल्याकडे ५ येऊच शकत नाही. एवढ्या तासांत एक जखम म्हणजे ३.०५, दोन म्हणजे ६.१०, मधलं काही नाही. आणि महिन्याचा काढला तर अजून गंमत, महिन्याचे साधारण सत्तावीस हजार तास, एक बोट कापलं की रेट ३७, पुढच्या महिन्यात परत शून्य. त्या उड्या बघून काही कळत नाही. म्हणून आता मी दर महिन्याला मागच्या बारा महिन्यांचा मिळून काढतो, आणि शेजारी जखमांचा नुसता आकडाही लिहितो.

आता निअर मिस. ग्राइंडरवाल्या बोटाचं मूळ शोधायला मी त्या मशीनवरच्या जुन्या आप्पांकडे गेलो. ग्राइंडरच्या झाकणाला लिमिट स्विच असतो, झाकण उघडलं की मोटर बंद. पण मोटर बंद झाली तरी आतला रोटर लगेच थांबत नाही, आमच्या मशीनवर मी मोबाइलवर मोजलं, चाळीस सेकंद फिरत राहतो. कूलिंग टँकमधून ओला स्क्रॅप आला की जाळी चोक होते, शिफ्टला चार-पाच वेळा झाकण उघडावं लागतं, म्हणून कोणीतरी तो स्विच तारेने बांधूनच टाकला होता. आप्पा म्हणाले, जूनमधी मना हातमोजा ओढाई गया व्हता, हात वाचना. मी म्हटलं आप्पा, मग लिहिलं का नाही? तर म्हणाले, काही व्हयनंच नही ते काय लिखू?

जूनमध्ये हातमोजा, ऑगस्टमध्ये बोट. एकच मशीन, एकच तार.

रजिस्टर मी बाद केलं. आता शिफ्ट इनचार्जला तोंडी सांगायचं किंवा व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचा, नाव द्यायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं, आणि इनचार्जने चारच गोष्टी लिहायच्या, कुठे, काय झालं, थोडक्यात चुकलं नसतं तर कुठे लागलं असतं, लगेच काय केलं. सुरुवातीला सगळे ‘फरशीवर पाणी आहे’ असंच टाकायचे. ते निअर मिस नाही, ती धोक्याची जागा आहे. त्या पाण्यावर पाय घसरला आणि रेलिंग धरून सावरला, तो निअर मिस. मी दोन्ही घेतो, फक्त वेगळ्या पानावर, नाहीतर पाण्याचे फोटोच मोजत बसू.

पहिल्या आठवड्यात एक सुपरवायझर फोटो टाकणाऱ्यालाच ओरडला, त्यानंतर नऊ दिवस ग्रुपवर काहीच आलं नाही. मग शेठनी स्वतः ग्राइंडरवर स्विच नवीन लावून घेतला, झाकणाला असं कुलूप बसवलं की रोटर थांबल्याशिवाय उघडतच नाही, आणि ओल्या स्क्रॅपसाठी आधी निथळायची जाळी केली. ते लोकांनी पाहिलं. सहा महिन्यांत ३१ निअर मिस आले.

पुढच्या ऑडिटला आलेल्या माणसाने पहिलाच प्रश्न केला, दोनवरून एकदम एकतीस, इतकं काय बिघडलं? मी आप्पांना बोलावलं आणि हातमोज्याची गोष्ट त्यांनाच सांगायला लावली, अहिराणीतच. त्याला निम्मी कळली असेल, पण तो ग्राइंडर बघायला गेला.

एकतीसपैकी रात्रीच्या शिफ्टचे किती, तर एकही नाही. रात्री तर माणसं कमी, उजेड कमी, झोप जास्त. बुधवारपासून तीन रात्री मी तिथेच बसणार आहे, ग्राइंडरजवळ खुर्ची टाकून.