वडापावचा बोर्ड, नोंद चौथी: ३, २, ३, २, १

शनिवारी रात्री एक वाजता बोर्डाचं कोडं सुटलं. बोर्ड अजून जमलेला नाही. पण तो का जमत नव्हता ते कळलं, आणि तीन आठवडे आपण भलत्याच दारावर धडका देत होतो हेही कळलं.

एआय मॉडेलकडून मी काढून घेतोय ते चित्र तुम्ही पाहिलंच आहे. स्टेशनबाहेरची गाडी, कढईमागे मालक, त्याच्या हातात वडापाव, डोक्यावर लाल बोर्ड आणि त्यावर पिवळ्या अक्षरांत ‘गरमागरम वडापाव’ हवं होतं. तेलावरची वाफ अशी उतरली होती की वास यावा. बोर्डावर मात्र शिरोरेखेला लटकलेली नुसती वेटोळी. लांबून अस्सल मराठी, जवळ गेलं की एक अक्षर लागेल तर शपथ.

माझा पहिला संशय व्हीएईवर होता. माझं मॉडेल, स्टेबल डिफ्यूजन म्हणजे एसडी १.५, हे ५१२ बाय ५१२चं चित्र पिक्सेलमध्ये काढतच नाही. आठ बाय आठ पिक्सेलच्या प्रत्येक चौकटीचे फक्त चार आकडे होतात, सगळं काम त्या ६४ बाय ६४च्या जाळीवर चालतं आणि शेवटी व्हीएई त्याचं पुन्हा चित्र करून देतो. म्हणून मॉडेलला पूर्ण बाजूला ठेवलं. आमच्या नाक्यावरच्या खऱ्या बोर्डाचा फोटो घेतला, तो व्हीएईतून आत घातला आणि तसाच बाहेर काढला. फोटोत अक्षरं साधारण २० पिक्सेल उंच होती, म्हणजे जेमतेम अडीच चौकटी. ‘व’च्या पोटातली पोकळी एका चौकटीतच मावते. बाहेर आला तेव्हा त्या पोकळीत एक डाग होता आणि ‘व’चा ‘ब’ झाला होता. बडापाब! काही न काढताच बोर्ड बिघडला. तोच बोर्ड जवळून, ६० पिक्सेलच्या अक्षरांत घेतला तेव्हा स्वच्छ परत आला. ज्यांना बारीक अक्षरांचा त्रास आहे त्यांनी ही परीक्षा आधी करावी, पाच मिनिटांचं काम आहे.

मला वाटलं, सापडला चोर. मग फ्लक्स.१ या दुसऱ्या मॉडेलवर गेलो. त्याच्या व्हीएईत चौकटीला चारऐवजी १६ आकडे असतात. तोच २० पिक्सेलचा फोटो त्यातून घातला, ‘व’ला धक्का नाही. (माझ्या १२ जीबीच्या कार्डावर एका चित्राला चहा करून पिऊन होतो, पण तक्रार नाही.) तरीही काढलेल्या बोर्डावर वेटोळीच. गंमत म्हणून प्रॉम्प्टमध्ये HOT VADA PAV लिहिलं, तर पहिल्या फटक्यात ठसठशीत अक्षरं. म्हणजे हात चांगला होता. गडबड कानात होती.

फ्लक्स प्रॉम्प्ट मुख्यतः टी५ नावाच्या एन्कोडरकडून ऐकतो. टी५ अक्षरं वाचत नाही, आपल्या शब्दसाठ्यातल्या तुकड्यांचे क्रमांक वाचतो. ते क्रमांक मी आजवर कधी पाहिलेच नव्हते.

```python
from transformers import AutoTokenizer
t = AutoTokenizer.from_pretrained("google/t5-v1_1-xxl")
print(t("गरमागरम वडापाव").input_ids)
# [3, 2, 3, 2, 1]
```

यातला ३ म्हणजे शब्द सुरू, १ म्हणजे मजकूर संपला, आणि २ म्हणजे ‘हे काय आहे मला माहीत नाही’. मग ‘ताजी भाजी’ घालून पाहिलं. तेच पाच आकडे, त्याच क्रमाने! या टी५चा साठा इंग्रजी, जर्मन, फ्रेंच आणि रोमानियन मजकुरावरून बनवलेला आहे, त्यात देवनागरी नाहीच. तीन आठवडे मी त्याला ‘माहीत नाही, माहीत नाही’ असं सांगत होतो आणि वर शुद्धलेखनाच्या चुका काढत होतो.

फ्लक्सला क्लिप नावाचा दुसरा कान आहे. त्याला देवनागरी बाइटच्या रूपात पोचते: ‘गरमागरम वडापाव’मध्ये अक्षरं आणि काने धरून १३ चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे ३९. पण फ्लक्स क्लिपकडून सगळ्या प्रॉम्प्टचा मिळून एकच सारांश घेतो. त्या सारांशात स्पेलिंग काय टिकणार? मी इंग्रजीत लिहिलेलं ‘मराठी पाटी’ मात्र त्याला नीट कळत होतं. म्हणून मराठी पाटी लांबून जशी दिसते तशी तो काढत होता. वर रेघ, खाली वळणं.

आता हात. मागे तुमच्यापैकी कुणीतरी विचारलं होतं की चित्रातली बोटं चुकतात त्यांचंही हेच आहे का. तीच परीक्षा लावली. एसडी १.५मध्ये ४५० पिक्सेल उंचीचा उभा माणूस घेतला तर हात सुमारे ४५ पिक्सेल आणि बोट पाचेक पिक्सेल जाड, म्हणजे एक चौकटही नाही. तिथे दोष व्हीएईचा. पण जवळून घेतलेला खरा हात व्हीएईतून पाच बोटांनिशी परत येतो, आणि तेवढाच मोठा हात मॉडेलने काढला की सहा बोटं. तिथे दोष नॉइज पुसत पुसत चित्र घडवणाऱ्या मॉडेलचा. ते ज्या फोटोंवर शिकलं त्यांत हाताने काहीतरी धरलेलं असतं, कुठे तीन बोटं दिसतात, कुठे चार, आणि दोन्ही बरोबर असतात. फोटोखालच्या ओळीत बोटं मोजलेली नसतात. बोटाशेजारी बोट येतं एवढं ते शिकतं, थांबायचं कुठे ते शिकत नाही. शिवाय शिकतानाची चूक सगळ्या चित्रावर सरासरीने मोजतात, आणि त्या उभ्या माणसाचा हात चित्राच्या अर्ध्या टक्क्याहून कमी जागा व्यापतो. एक बोट जास्त झालं तर दंड जवळजवळ शून्य.

माझ्या मालकाला पावाच्या दोन्ही बाजूंना अंगठा होता. (बोटं मोजू नका, आधी अंगठा शोधा. चूक लवकर सापडते.) हाताचा तुकडा कापून १०२४ पिक्सेलपर्यंत मोठा केला आणि इनपेंट केलं, म्हणजे तेवढाच भाग मॉडेलकडून पुन्हा काढून घेतला. मूळ चित्र किती बदलायचं ते डिनॉइजचा आकडा ठरवतो. ०.३५ला तोच दोन अंगठ्यांचा हात आणखी देखणा झाला, ०.७५ला मनगटाशी नातंच तुटलं. शेवटी जादाचा अंगठा जिंपमध्ये पावाच्या रंगाने ओबडधोबड पुसला आणि मग ०.४५ दिलं. जमलं! नखात बेसन अडकल्यासारखं काहीतरी आलंय, ते मी ठेवणार आहे. निगेटिव्ह प्रॉम्प्टमध्ये ‘जादा बोटं’ लिहिणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

पुढचा बेत लोरा, म्हणजे मॉडेलला लावायची छोटी जोड, शिकवण्याचा होता, ५० बोर्डांचे फोटोही काढून झाले होते. तो रद्द. प्रत्येक बोर्डाला कानावर तेच ३, २, ३, २, १ पडणार असेल तर लोरा फार तर एखादा बोर्ड पाठ करेल. त्याऐवजी अक्षरं इंकस्केपमध्ये बलू फॉन्टमध्ये स्वतः लिहायची आणि मॉडेलला दिलेल्या रेघा धरून काढायला लावणाऱ्या कंट्रोलनेटला त्यांच्या कडा द्यायच्या.

थांबा, हे लिहितानाच सुचलं. बोर्ड गाडीवर काढायचाच कशाला? बोर्ड वेगळा, सपाट, अक्षरं २०० पिक्सेल उंच. त्यावर हलकं इमेज-टू-इमेज, फक्त रंगाऱ्याच्या ब्रशचा पोत येण्यापुरतं. लहान करून तिरका बसवायचं काम सगळ्यात शेवटी जिंपमध्ये, म्हणजे २० पिक्सेलचं अक्षर व्हीएईच्या तावडीत सापडणारच नाही.

रात्रीच करून पाहिलं. ०.५ला ‘व’ पुन्हा ‘ब’कडे झुकला, ०.३ला सरळ राहिला. कोपऱ्यात खिळ्याचा गंज आपोआप आला, झकास. फक्त खाली रिकाम्या जागेत मॉडेलने स्वतःहून एक मोबाइल नंबर टाकलाय. मोजला, ११ आकडी आहे.